थंड नळा, कोंडलेली हवा

कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक नळकांड्यात हा वायू दाबाखाली द्रवरूपात असतो. खटका दाबताच तो झपाट्याने प्रसरण पावतो आणि त्याचा काही भाग उणे 78 अंश सेल्सिअसचा बर्फ बनतो. काळा, कर्ण्यासारखा नळा त्यामुळे इतका गार होतो की उघड्या हाताने धरल्यास कातडी भाजल्यासारखी पोळते. म्हणून हात मुठीवरच हवा.

हा वायू वीज वाहून नेत नाही आणि मागे पूड किंवा ओल ठेवत नाही. विजेचे पॅनेल किंवा सर्व्हर पेटल्यास म्हणूनच तो उत्तम. मात्र तो वस्तू फारशी थंड करत नाही. वीजपुरवठा तोडला नाही, तर आग पुन्हा भडकते.

खरा धोका लहान खोलीत आहे. साडेचार किलोच्या नळकांड्यातून सुमारे अडीच घनमीटर वायू निघतो. दोन मीटर लांब-रुंद आणि अडीच मीटर उंच बंद खोलीत म्हणजे दहा घनमीटर जागा. तिथे हवेत याचे प्रमाण वीस टक्क्यांच्या वर जाते. दहा टक्क्यांनीही काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते, कारण प्राणवायू घटतोच, शिवाय हा वायू स्वतःही विषारी ठरतो. हवेहून जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. अशा खोलीत दारातूनच फवारा मारावा, लगेच बाहेर पडावे आणि खोलीत पुरती हवा खेळल्याशिवाय आत जाऊ नये.