लीप वर्षाचं व्याज: भागायचं ३६५ ने की ३६६ ने?

समजा, १ डिसेंबर २०२३ रोजी कोणी दहा लाख रुपये ८० दिवसांच्या मुदत ठेवीत ठेवले, दसादशे ७.३० दराने, सरळव्याजाने. मुदत संपली १९ फेब्रुवारी २०२४ ला, म्हणजे २९ फेब्रुवारी उजाडायच्या दहा दिवस आधीच पैसे खात्यात परत आले. तरीही या ठेवीचं व्याज लीप वर्षामुळे कमी झालेलं असू शकतं, आणि तेही नियमात राहून.

दर मुद्दाम सोपा घेतला आहे. दहा लाखांवर वर्षाचं व्याज होतं ७३,००० रुपये. त्याला ३६५ ने भागलं की रोजचे बरोबर २०० रुपये येतात. ३६६ ने भागलं की १९९ रुपये ४५ पैसे. दिवसाला पंचावन्न पैशांचा फरक. आता आपल्या ८० दिवसांकडे पाहू. बँक सदैव ३६५ च धरत असेल, तर व्याज १६,००० रुपये. ती कॅलेंडर वर्ष पाहत असेल, तर डिसेंबरचे ३१ दिवस २०० रुपयांनी आणि २०२४ मधले ४९ दिवस १९९.४५ रुपयांनी मोजले जातील, व्याज १५,९७३.२२ रुपये. आणि ती आर्थिक वर्ष पाहत असेल, तर एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात २९ फेब्रुवारी येत असल्याने सगळे ८० दिवस ३६६ च्याच हिशेबात जातील, व्याज १५,९५६.२८ रुपये. एकच ठेव, एकच दर, तीन उत्तरं, आणि यातलं एकही चुकीचं नाही.

असं कसं? भारतीय रिझर्व्ह बँकेने ठेवींबाबत याची मुभाच दिली आहे. तीन महिन्यांहून कमी मुदतीच्या ठेवीवर, किंवा शेवटची तिमाही अपुरी राहिली असेल तर त्या तुकड्यावर, प्रत्यक्ष दिवसांच्या प्रमाणात व्याज द्यायचं आणि वर्ष ३६५ दिवसांचं धरायचं, ही बँकांची जुनी रीत. काही बँका मात्र लीप वर्षात ३६६ धरतात. पद्धत बँकेने ठरवावी, पण ठेव स्वीकारताना ती ठेवीदाराला सांगावी आणि शाखेत लावावी, एवढीच अट आहे. शाखेच्या फलकावरचा तो मजकूर वाचत उभा राहिलेला माणूस विरळाच!

दोन्ही पद्धतींना आपापलं तर्कशास्त्र आहे. ३६६ ने भागणारी बँक लीप वर्षभरात बरोबर ७३,००० देते. वर्षाचा दर जसाच्या तसा राहतो, रोजचं व्याज तेवढं घटतं. ३६५ ने भागणारी बँक रोजचे २०० कायम ठेवते, पण दिवस ३६६ असल्याने वर्षाचे ७३,२०० होतात. ठेवीदाराला हा दुसरा हिशेब परवडतो. कर्जदाराला तोच महाग पडतो, कारण कर्जावर तो जादा दिवस पूर्ण भावाने मोजला जातो.

जिथे दिवस मोजलेच जात नाहीत, तिथे यातलं काहीच लागू होत नाही. चक्रवाढ ठेवीच्या पूर्ण तिमाहीला बहुतेक ठिकाणी वार्षिक दराचा चौथा भाग लावतात. तिमाही ९० दिवसांची असो की ९१. ज्या कर्जात दरमहा दराचा बारावा भाग आकारला जातो, तिथेही फेब्रुवारी आणि मार्च सारखेच. बचत खात्याचं मात्र तसं नाही. १ एप्रिल २०१० पासून त्यावरचं व्याज रोजच्या शिल्लकेवर मोजलं जातं, त्यामुळे दिवसांची संख्या आणि भाजक दोन्ही तिथे कामाला येतात.

उतारा तपासण्याची खरी मजा रोजच्या शिल्लकेवर व्याज लागणाऱ्या कर्जात आहे. फेब्रुवारी २०२४ च्या आरंभी दहा लाख बाकी, दर १०.९५, आणि ५ तारखेला २०,००० रुपयांचा भरणा झाला, असं धरू. पहिले चार दिवस बाकी दहा लाख, म्हणून चार गुणिले दहा लाख, ४० लाख. ५ ते २९ असे पंचवीस दिवस बाकी ९,८०,०००. त्यांचा गुणाकार २ कोटी ४५ लाख. बेरीज २ कोटी ८५ लाख. याला दराने गुणून ३६,६०० ने भागायचं. (भाजक ३६५ असेल तर ३६,५०० ने, शंभर हे टक्क्यांचे.) संगणकावर एका ओळीचं काम:

```
=ROUND(28500000*10.95/36600,2)
```

उत्तर ८,५२६.६४. खाली ३६५०० लिहिलं की ८,५५० रुपये. आता उताऱ्यातला आकडा शेजारी ठेवायचा. तो आपल्या आकड्याशी जुळला नाही, तर लगेच भांडायला जाऊ नये. फरक किती आहे, ते आधी पाहावं. फरकाच्या आकारावरून त्याचं कारण ओळखता येतं.

दर हजार रुपये व्याजामागे साधारण पावणेतीन रुपयांचा फरक असेल, तर तो भाजकाचा. इथे ८,५५० आणि ८,५२६.६४ यांत २३.३६ रुपये आहेत, म्हणजे नेमकं तेच प्रमाण. फरक एका दिवसाच्या पूर्ण व्याजाएवढा, आपल्या उदाहरणात २९३ रुपयांच्या आसपास असेल, तर दिवस मोजण्यात गफलत आहे: कोणीतरी २९ तारीख विसरलं, किंवा आपण भरणा केल्याचा दिवस दोन्ही बाजूंना धरला. भरणा ५ ऐवजी ६ तारखेला जमा झाल्याची नोंद असेल, तर फरक २०,००० रुपयांवरच्या एका दिवसाच्या व्याजाएवढा, म्हणजे जेमतेम सहा रुपयांचा निघेल. काही पैशांचा फरक पूर्णांकाचा. तो सोडून द्यावा. यांपैकी कशातच न बसणारा मोठा फरक असेल, तर महिन्यात मध्येच दर बदलला का, एखादं शुल्क कर्जात मिळवलं का, हे पाहावं. ठेवीच्या बाबतीत आधी टीडीएस कापून उरलेली रक्कम आपण पूर्ण व्याज समजत नाही ना, याची खात्री करावी. माझ्या मते निम्मी भांडणं इथेच मिटतील.

एक जागा मात्र अशी आहे, जिथे दिवसांचा घोळ कर्जदाराच्या खिशाला खरा जड जातो, आणि तिथे लीप वर्षाचा संबंध नसतो. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून काही प्रकारांवर बोट ठेवलं: पैसे प्रत्यक्ष हातात येण्याआधीच, मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावणं, कर्ज महिन्याच्या मध्यात दिलं वा फेडलं, तरी पूर्ण महिन्याचं व्याज आकारणं. अशी जादा वसुली परत करायला सांगितलं गेलं. दहा लाखांवर पंधरा दिवस फुकट मोजले गेले, तर आपल्या उदाहरणातल्या दराने साडेचार हजार रुपये होतात. भाजकाचे तेवीस रुपये त्यापुढे किरकोळच.

परदेशी राहणाऱ्यांनी एफसीएनआर (बी) ठेवीचा हिशेब करताना ३६५ आणि ३६६ दोन्ही बाजूला ठेवावेत. परकीय चलनातल्या या ठेवींवर वर्ष ३६० दिवसांचं धरतात.

बाकी सगळ्यांनी बँकेला लेखी विचारायच्या गोष्टी दोनच: भाजक कोणता, आणि लीप वर्ष कॅलेंडरचं की आर्थिक? दुसरा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. पुढचं लीप वर्ष २०२८ चं. कॅलेंडर पाहणाऱ्या बँकेत ३६६ चा हिशेब १ जानेवारी २०२८ पासून डिसेंबरअखेरपर्यंत चालेल. आर्थिक वर्ष पाहणाऱ्या बँकेत तो १ एप्रिल २०२७ लाच सुरू होईल आणि ३१ मार्च २०२८ ला संपेल.