दुपारीच खेळ का अडखळतो?

माझा धाकटा मामेभाऊ नववीत आहे. तो इथेच, छत्रपती संभाजीनगरात राहतो. मे महिन्यात त्याने तक्रार आणली, "दादा, माइनक्राफ्ट सकाळी छान चालतो, पण दुपारी पंधरा मिनिटांत अडखळू लागतो. नवा संगणक घ्यावा लागेल का?" त्याला मी जे कागदावर लिहून दिले, तेच तुम्हांलाही सांगतो.

आधी मोजा. खेळात F3 दाबले की सेकंदाला किती चित्रे उमटतात तो आकडा fps पुढे दिसतो. त्याच्याकडे पहिल्या मिनिटाला 58 होता, पंधराव्या मिनिटाला 24. आकडा प्रारंभापासूनच कमी असता, तर दोष यंत्राच्या कुवतीचा मानला असता. मग Ctrl+Shift+Esc दाबून Task Manager मधील Performance पाहिले. Base speed 3.2 गिगाहर्ट्झ, पण Speed 1.8 वर आलेला! संगणकाचे आवरण काढून समोर टेबलफॅन लावताच वेग पुन्हा चढला. म्हणजे चोर सापडला, तो म्हणजे उष्णता.

प्रोसेसर साधारण 100 अंशांपर्यंत तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. पंखा उष्णता किती वाहून नेणार, हे प्रोसेसर आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. हिवाळ्यात खोली 20 अंशांवर असेल तर फरक 80; मेच्या दुपारी खोली 40 अंशांवर, तर फरक 60. तोच पंखा आता तीन-चतुर्थांशच उष्णता नेतो. त्यात धूळ साचली असेल तर विचारूच नका.

म्हणून संगणक बंद करून वायर काढा आणि मोठ्या माणसांसमोर पंख्यामागच्या धातूच्या पात्यांमधली धूळ मऊ ब्रशने काढा. हवेचा झोत मारणार असाल तर पंखा बोटाने धरून ठेवा. तो भरधाव फिरला तर त्याचे बेअरिंग बिघडते. (फिरणारा पंखा चिमुकले जनित्रही होतो!) हमीत असलेला लॅपटॉप मात्र उघडू नका.

नंतर उष्णता मुळातच कमी निर्माण करा. पडदा सेकंदाला 60 वेळाच बदलत असेल, तर त्याहून जास्त चित्रे काढणे व्यर्थ. Max Framerate 60 वर ठेवा. Render Distance 12 वरून 8 वर आणा. खेळाडूभोवतीचा भाग चौरस धरला, तर 12 ला 25 × 25 म्हणजे 625 तुकडे सांभाळावे लागतात, 8 ला 17 × 17 म्हणजे 289. निम्म्याहून कमी! दूरचे डोंगर धुक्यात जातात, एवढेच.

मामेभावाच्या पंख्यातून बोटभर जाडीचा धुळीचा थर निघाला. आता दुपारीही आकडा 50 च्या खाली येत नाही. डोंगर दिसत नाहीत, ही त्याची नवी तक्रार आहे.