दोनशे अक्षरांत नेमकं काय मागायचं?
(लेखमाला : नोकरीच्या वाटेवर)

गेल्या आठवड्यात आपण लिंक्डइनवर नावाखाली दिसणाऱ्या ओळीबद्दल बोललो. ती ओळ नीट लिहिली असेल तर आजचं काम अर्धं झालेलं आहे. आजचा विषय आहे अनोळखी माणसाला ओळखीची विनंती पाठवताना सोबत जोडायची टीप. पूर्वी या टिपेला 300 अक्षरांची मुभा सगळ्यांना होती. आता 300 ची मुभा पैसे भरणाऱ्यांना आहे आणि फुकट खात्याला 200 अक्षरं मिळतात. त्यातही फुकट खात्यावरून महिन्याला अशा मोजक्याच टिपा पाठवता येतात. त्यामुळे प्रत्येक टीप विचार करूनच खर्च करायला हवी.

आधी मोजणी समजून घेऊ, कारण मराठीत लिहिणारे इथेच फसतात. आपण वाचताना जे एक अक्षर धरतो, ते ही चौकट एक धरत नाही. मूळ अक्षर, त्याचा काना किंवा वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला पाय मोडणारा हलन्त, हे सगळं ती वेगवेगळं मोजते. ‘कोल्हापूरच्या’ हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा वाटतो : को, ल्हा, पू, र, च्या. चौकटीच्या हिशेबात तो 13 चा आहे. शब्दांमधली मोकळी जागा, पूर्णविराम आणि नवी ओळ हेही त्यात धरले जातात. म्हणजे 200 अक्षरांत मराठीचे साधारण पंचवीस ते तीस शब्द बसतात. इंग्रजीत लिहिलं तरी फार फरक पडत नाही : ‘सिम्युलेशन’ मराठीत 10 भरतो आणि इंग्रजी स्पेलिंगही 10 चंच आहे. म्हणून भाषा निवडताना जागेचा विचार करू नका. समोरची व्यक्ती स्वतःच्या पोस्ट कुठल्या भाषेत लिहिते ते बघा आणि त्या भाषेत लिहा.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. समजा, एक तरुण कोल्हापूरच्या फाउंड्रीत मेथड्स विभागात आहे. साच्यात धातू कुठून आत शिरेल, रायझर कुठे आणि केवढे ठेवायचे, हे ठरवणं त्याचं काम. हे तो अनुभवाने आणि ट्रायल ओतून ठरवतो. त्याला आता संगणकावरचं कास्टिंग सिम्युलेशन शिकायचं आहे. पुण्यातल्या एका सिम्युलेशन इंजिनिअरची पंप हाउसिंगमधल्या श्रिंकेजवरची पोस्ट त्याने वाचली आणि त्यांना विनंती पाठवायचं ठरवलं. त्याच्या जागी बहुतेक जण अशी टीप लिहितील :

‘नमस्कार सर, मी कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत तीन वर्षांपासून मेथड्स इंजिनिअर म्हणून काम करत आहे. आपलं प्रोफाइल पाहिलं आणि खूप प्रभावित झालो. मला कास्टिंग सिम्युलेशनच्या क्षेत्रात यायचं आहे. आपल्या नेटवर्कमध्ये सामील व्हायला आणि आपलं मोलाचं मार्गदर्शन घ्यायला आवडेल. कृपया विनंती स्वीकारावी. धन्यवाद!’

ही टीप 297 अक्षरांची आहे. जुन्या मर्यादेत ती बसली असती. आता 200 वं अक्षर ‘नेटवर्कमध्ये’ या शब्दाच्या मधोमध येतं. इथे लोक लगेच कात्री चालवायला घेतात : ‘धन्यवाद’ काढा, ‘खूप’ काढा, शब्द तोडून लिहा. पण टीप लांब आहे हा तिचा मुख्य दोष नाहीच. तीनशे अक्षरं खर्चूनही तिच्यात मागणी नाही. ‘मार्गदर्शन’ ही मागणी वाटते, पण वाचणाऱ्याने नेमकं काय करायचं ते तिच्यातून कळत नाही.

हे ओळखायची एक खात्रीची पद्धत आहे. टीप लिहून झाली की समोरच्या माणसाच्या जागी बसून तिचं उत्तर स्वतः लिहून बघा. वरच्या टिपेचं उत्तर काय लिहाल? फार तर ‘शुभेच्छा’. उत्तरात तुमच्या कामाचं काहीच येत नसेल तर मागणी टिपेत उतरलेली नाही, मग ती कितीही नम्र असो.

म्हणून कापायच्या आधी मागणी लिहायची, तीही सगळ्यात आधी, एका वाक्यात. या तरुणाला खरं तर काय हवंय? बाजारात सिम्युलेशनची दोन सॉफ्टवेअर त्याच्या कानावर आहेत : जर्मनीचं मॅग्मासॉफ्ट आणि आयआयटी मुंबईतल्या संशोधनातून आलेलं ऑटोकास्ट. दोन्ही शिकायला वेळ नाही, पैसेही नाहीत. त्याचा प्रश्न एवढाच आहे : ‘सिम्युलेशन शिकायला आधी मॅग्मासॉफ्ट घ्यावं की ऑटोकास्ट?’ हा प्रश्न 54 अक्षरांचा आहे. यातलं एकही अक्षर आता कापायचं नाही. उरलेल्या 146 मध्ये बाकीचं बसवायचं.

बाकीचं म्हणजे काय? विनंती समोर येते तेव्हा तुमचं नाव, फोटो, नावाखालची ओळ आणि समाईक ओळखी सोबत दिसतातच. म्हणून गेल्या आठवड्यातल्या त्या ओळीवर मी इतका जोर दिला होता. तिथे 220 अक्षरांची जागा आहे. तिथे ‘मेथड्स इंजिनिअर, ग्रे आयर्न फाउंड्री, कोल्हापूर’ असं स्वच्छ लिहिलेलं असेल, तर टिपेतून कोल्हापूर जातं, इंजिनिअर जातं, तीन वर्षंही जातात, कारण वर्षं प्रोफाइलवर सापडतात. टिपेत स्वतःबद्दल, कामाची ओझरती ओळख सोडली तर, तेवढंच राहतं जे त्या ओळीत नाही आणि प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे : रायझर अजून अंदाजाने ठरतात. हे वाचून सिम्युलेशन करणाऱ्या माणसाला माणूस कुठे अडलाय ते लगेच समजतं.

‘आपलं प्रोफाइल पाहिलं आणि खूप प्रभावित झालो.’ या वाक्याला 43 अक्षरं गेली होती आणि ते कुणालाही पाठवता आलं असतं. त्याऐवजी नेमकी कुठली पोस्ट वाचली ते सांगायचं. तेही थोडी जागा खातं, पण ‘मलाच का विचारलं?’ या प्रश्नाचं उत्तर देतं. ते वाक्य मी सुरुवातीला ठेवतो, कारण विनंत्यांच्या यादीत लांब टिपेचा आधी सुरुवातीचाच भाग दिसतो. ‘नमस्कार सर, मी अमुक’ यात तो भाग वाया जाऊ नये.

मराठीत जागा वाचवायची काही साधनं बोलीतूनच मिळतात. ‘मेथड्स इंजिनिअर म्हणून काम करत आहे’ याला 34 अक्षरं लागतात. कारखान्यात आपण ‘मेथड्सला आहे’ म्हणतो, त्याला 12 पुरतात. ‘यायचं आहे’ चं ‘यायचंय’ केलं की तीन वाचतात. क्रियापदावरूनच कर्ता कळत असेल तर दुसरा ‘मी’ नको. मात्र शब्द तोडून, स्वर गाळून लिहू नका. तसं लिहिलं की वाचणाऱ्याला घाई दिसते. ‘सर’ किंवा ‘मॅडम’ मी कापणार नाही. अनोळखी वडीलधाऱ्याला थेट प्रश्न टाकणं आपल्याकडे खटकतं, आणि ‘मॅडम’ला ‘सर’पेक्षा दोनच अक्षरं जास्त लागतात.

मग टीप अशी होते :

‘सर, पंप हाउसिंगच्या श्रिंकेजवरची तुमची पोस्ट वाचली. मी फाउंड्रीत मेथड्सला आहे, रायझर अजून अंदाजानं ठरवतो. सिम्युलेशन शिकायला आधी मॅग्मासॉफ्ट घ्यावं की ऑटोकास्ट? एका ओळीत सांगितलं तरी चालेल.’

एकूण 189 अक्षरं, 27 शब्द. शेवटचं वाक्य वरवर पाहता कापता येण्यासारखं आहे, पण मी ते ठेवलं. उत्तराला किती वेळ लागेल याचा अंदाज ते देतं, आणि अनोळखी माणसाची मुख्य अडचण तीच असते. आता याचं उत्तर लिहून बघा : ‘आधी ऑटोकास्ट शिका, मॅग्मा कंपनीने घेतलं तर.’ किंवा याच्या उलट. दोन्ही उत्तरं त्या तरुणाच्या उपयोगाची आहेत. ‘कृपया विनंती स्वीकारावी’ कुठेच नाही, आणि ते लागतही नाही. विनंती स्वीकारायचं बटण शेजारीच असतं. स्वीकारल्यावर हीच टीप तुमच्या दोघांच्या संदेशांत पहिला संदेश म्हणून दिसते, त्यामुळे प्रश्न पुन्हा विचारावा लागत नाही.

सगळ्याच मागण्या अशा आकसत नाहीत, हेही सांगायला हवं. ‘तुमच्या कंपनीत माझी शिफारस कराल का?’ हे वाक्य लांबीने छोटं आहे, पण समोरच्याने तुमच्यासाठी स्वतःचं नाव पणाला लावावं असं ते म्हणतं. ओळख नसताना दोनशे काय, दोन हजार अक्षरांतही ते बसत नाही. तिथे मागणीच छोटी करावी लागते. शिफारस हवी असेल तर आधी त्या जागेबद्दलचा एक असा प्रश्न विचारा ज्याचं उत्तर फक्त आतल्या माणसाला माहीत असेल : तिथे रोज मॅग्मा वापरतात की बाहेरून करून घेतात? यातून बोलणं सुरू झालं तर शिफारशीचा विषय पुढे काढता येतो. भरती करणाऱ्या माणसाला लिहिताना मात्र हा नियम उलटा होतो. त्यांचं कामच ते आहे, म्हणून तिथे जागेचं नाव आणि जाहिरातीतला क्रमांक सरळ लिहा. ‘पंधरा मिनिटं फोनवर बोलू शकतो का?’ हेही पहिल्या टिपेत नको, कारण त्यासाठी समोरच्याला स्वतःच्या दिवसातून वेळ काढावा लागतो.

टिपेत लिंक टाकू नका. ती जागा खाते, आणि अनोळखी माणसाने पाठवलेली लिंक कुणी उघडत नाही. इमोजीही नको, मोजणीत ते बहुतेकदा एकापेक्षा जास्त अक्षरांची जागा घेतात.

पाठवण्याच्या क्षणी दोन गोष्टी सांभाळा. मोबाइलवर सुचवलेल्या माणसांच्या यादीतून ‘कनेक्ट’ दाबलं की बऱ्याचदा विनंती टिपेशिवायच निघून जाते. म्हणून आधी त्या व्यक्तीचं प्रोफाइल उघडा आणि तिथल्या पर्यायांतून टीप जोडा. दुसरं, पाठवलेली टीप बदलता येत नाही. विनंती मागे घेतली तर त्याच व्यक्तीला पुन्हा पाठवण्यासाठी तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं. म्हणून टीप आधी दुसरीकडे लिहा, एकदा मोठ्याने वाचा, चौकटीत चिकटवून खालचा आकडा बघा, आणि मगच पाठवा.

या आठवड्यात तुम्ही ज्यांना लिहिणार आहात त्यांच्यासाठी फक्त मागणीचं वाक्य लिहून ठेवा. ते साठ अक्षरांत बसत नसेल तर बाकीची टीप लिहायला घेऊ नका, आधी मागणी बदला. पुढच्या भागात विनंती स्वीकारली गेल्यावर, आणि उत्तर न येता नुसती स्वीकारली गेल्यावर, काय लिहायचं ते पाहू.