केसांची गोळी आणि थायरॉइडचा रिपोर्ट

शेचाळीस वर्षांच्या एक बाई. आठ वर्षांपासून थायरॉइड कमी असल्यामुळे रोज सकाळी उपाशीपोटी ७५ मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिनची गोळी घेतात. पावसाळ्यात त्यांना डेंग्यू झाला. ताप गेला, पण अडीच-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळायला लागले. मोठ्या तापानंतर असं होतं आणि बहुतेकांचं ते आपोआप थांबतंही, पण न्हाणीघराच्या जाळीवर अडकलेला पुंजका रोज दिसत असताना एवढा धीर कुणाला असतो? मैत्रिणीने सुचवलेली बायोटिनची गोळी त्यांनी सुरू केली. रोज एक, नाश्त्याबरोबर, १० मिलिग्रॅमची.

महिन्याभराने नेहमीची तपासणी झाली. टीएसएच ०.२१ (या लॅबची मर्यादा ०.२७ ते ४.२) आणि फ्री टी-फोर २.३ (मर्यादा ०.९ ते १.७). रिपोर्ट सरळ सांगत होता की थायरॉक्सिन जास्त होतंय. डोस ५० वर आला. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. आता टीएसएच ०.७, म्हणजे नॉर्मल. फ्री टी-फोर २.१, अजून जास्तच. बाई मात्र सांगत होत्या की दुपारी बसल्या जागी डोळे मिटतात, पोट साफ होत नाही, घरात सगळे पंखा लावून बसलेले असताना आपल्याला शाल लागते. आणि केस तर आधीपेक्षा जास्त गळताहेत.

हे चित्र एकाच बाईंचं नाही. अशा अनेक रुग्णांच्या हकिकतींवरून ते जुळवलं आहे. पुढचा उलगडा मात्र प्रत्येक वेळी जवळपास असाच होतो. तो समजायचा तर आधी लॅबच्या यंत्रात डोकवावं लागेल.

यंत्र संप्रेरक मोजत नाही, ते मोजतं प्रकाश. टीएसएच हा तसा मोठा रेणू. किटमधली दोन प्रतिपिंडं त्याला दोन बाजूंनी पकडतात. एकाला प्रकाश देणारं रसायन जोडलेलं असतं, दुसऱ्याला बायोटिनची शेपटी. नळीत चुंबकीय सूक्ष्म मणी असतात आणि त्यांच्यावर स्ट्रेप्टाव्हिडिन या प्रथिनाचा लेप असतो. एका जिवाणूपासून मिळालेलं हे प्रथिन बायोटिनला असं धरतं, की निसर्गातल्या सर्वांत घट्ट पकडींमध्ये तिची गणना होते. शेपटी मण्याला चिकटते, चुंबक मणी ओढून धरतं, बाकीचं धुऊन जातं आणि उरलेला प्रकाश मोजला जातो. प्रकाश जास्त, तर टीएसएच जास्त.

आता रक्तातच गोळीतलं बायोटिन भरपूर असेल तर? एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसं ते मण्यांवरच्या जागा आधीच अडवून बसतं. टीएसएच पकडून आलेल्या प्रतिपिंडांना बसायला जागा मिळत नाही आणि धुण्याच्या पाण्याबरोबर ती निघून जातात. प्रकाश कमी पडतो आणि यंत्र टीएसएच कमी असल्याचं छापतं.

टी-फोरचा रेणू लहान. दोन प्रतिपिंडं त्याच्यावर मावत नाहीत, म्हणून तिथे स्पर्धा लावतात. रुग्णाच्या रक्तातला टी-फोर आणि किटमधला बायोटिन लावलेला टी-फोर हे दोघे प्रकाश देणाऱ्या एकाच प्रतिपिंडासाठी झगडतात. रुग्णाचा टी-फोर जितका जास्त, तितका मण्यांवरचा प्रकाश कमी. इथला हिशोब उलटा आहे, त्यामुळे बायोटिनने प्रकाश घटवला की यंत्र टी-फोर जास्त असल्याचं छापतं.

खरी मेख इथेच आहे. दोन्ही आकडे चुकले, पण विरुद्ध दिशांना चुकले. टीएसएच खाली आणि टी-फोर वर, ही तर थायरॉइड वाढल्याची पाठ्यपुस्तकातली खूण! चुका एकमेकींना साक्ष देतात. काही पद्धतींत टीएसएच रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडंही स्पर्धेनेच मोजतात. मग तीही खोटी पॉझिटिव्ह येतात आणि कागदावर ग्रेव्ह्जचा आजार पूर्ण उभा राहतो. जर्मनीतल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा सहा मुलांची नोंद केली. चयापचयाच्या आनुवंशिक आजारांसाठी त्यांना बायोटिनचे मोठे डोस चालू होते.

मोठे म्हणजे किती? प्रौढ माणसाची रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅमच्या आसपास. केसांच्या गोळीतले १० मिलिग्रॅम म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, गरजेच्या अडीचशे पट किंवा त्याहून जास्त. अंडी, शेंगदाणे किंवा साध्या मल्टिव्हिटॅमिनमधल्या बायोटिनने रिपोर्ट सहसा हलत नाही. पण २०१७ मध्ये जामा या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या अभ्यासात सहा निरोगी माणसांना आठवडाभर रोज १० मिलिग्रॅम दिले, तेव्हा एका पद्धतीत टीएसएच सुमारे ९४ टक्क्यांनी कमी दिसला. बायोटिन न वापरणाऱ्या पद्धतींना असा धक्का बसत नाही. म्हणूनच एकाच माणसाचे दोन लॅबमधले आकडे कधी कधी दोन वेगळ्या माणसांचे वाटतात.

बाईंकडे परत येऊ. दुसरा रिपोर्ट बाजूला ठेवून डॉक्टरांनी मनगट हातात घेतलं. नाडी ६०. तळवे कोरडे आणि गार, पसरलेल्या बोटांना कंप नाही, वजन तीन किलो वाढलेलं. घोट्यामागच्या शिरेवर हातोडी मारली तेव्हा पाऊल हललं, पण जागेवर परतायला त्याने वेळ घेतला. हे सगळं थायरॉइड कमी असल्याचं सांगत होतं. शिवाय आकडेही आपसांत पटत नव्हते. डोस कमी करूनही टी-फोर चढाच कसा?

“औषधं कोणती घेता?”

“थायरॉइडचंच. बाकी काही नाही.”

“केसांसाठी काही?”

“ती का! ते औषध थोडंच आहे डॉक्टर, व्हिटॅमिन आहे.”

“रक्त दिलं त्या दिवशी घेतली होती?”

“हो, आठला नाश्त्याबरोबर. लॅबवाला दहाला आला.”

गोळी घेतल्यावर दोनेक तासांत बायोटिन रक्तात ऐन भरात असतं. डॉक्टरांनी डोसला हात लावला नाही, फक्त केसांची गोळी बंद करायला सांगितली. अमेरिकन थायरॉइड असोसिएशन तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बायोटिन थांबवायला सांगते. रोज शेकडो मिलिग्रॅम घेणाऱ्यांना किंवा मूत्रपिंड अधू असलेल्यांना जास्त दिवस लागतात. इथे तीन दिवसांनी, सकाळची थायरॉक्सिनची गोळी घेण्याआधी रक्त घेतलं. टीएसएच ९.८, फ्री टी-फोर ०.८.

थायरॉक्सिनचा डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा आठवडे लागतात. इथे तीन दिवस पुरले, कारण बायोटिनने ग्रंथीला काहीच केलं नव्हतं, बिघडलं होतं ते मोजमाप. पहिल्या रिपोर्टच्या वेळी ७५ चा डोस बहुधा बरोबरच होता. तो कमी केल्यावर थायरॉइड खरोखर कमी पडला, आणि त्यानेही केस गळतात. दुसऱ्या वेळी तेच बायोटिन वाढलेल्या टीएसएचला नॉर्मलचा मुखवटा चढवत होतं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला! डोस पुन्हा ७५ झाला आणि आठ आठवड्यांनी टीएसएच २.६ आला.

गोळी थांबवणं शक्य नसेल तेव्हा तोच नमुना बायोटिन न वापरणाऱ्या पद्धतीवर तपासता येतो, किंवा स्ट्रेप्टाव्हिडिनच्या मण्यांनी त्यातलं बायोटिन आधी शोषून घेऊन पुन्हा मोजता येतो. एक खूण त्याच कागदावर सापडू शकते. त्याच यंत्रावर ड जीवनसत्त्व किंवा बी-१२ कारण नसताना चढं आलं असेल, तर संशय पक्का होत जातो, कारण तेही स्पर्धेच्या पद्धतीने मोजतात. काही नव्या किट्स बायोटिनला बऱ्याच अंशी दाद देत नाहीत, पण आपल्या लॅबमध्ये कोणती आहे हे लॅबला विचारूनच कळतं.

मात्र प्रत्येक बेबनावाचं खापर बायोटिनवर फोडून चालत नाही. काहींच्या रक्तातली स्वतःची प्रतिपिंडंही किटला फसवतात, आणि ती काही दोन दिवसांत जात नाहीत. दुसरीकडे म्हाताऱ्या माणसात खराखुरा वाढलेला थायरॉइडही कंप आणि घामाशिवाय गुपचूप असू शकतो. त्यामुळे ‘लक्षणं नाहीत, म्हणजे रिपोर्ट खोटा’ असा निकाल देता येत नाही. इतकंच म्हणता येतं की कार्बिमॅझोलची चिठ्ठी लिहिण्याआधी केसांच्या गोळीची बाटली मागवून लेबल वाचावं, आणि तीन दिवसांनी एक नळी रक्त पुन्हा घ्यावं.

बाईंनी ती बाटली पुढच्या भेटीला आणली होती. लेबलवर चमकदार केसांचं चित्र होतं आणि खाली बारीक अक्षरांत १०,००० एमसीजी.