जायफळाची विषबाधा

जायफळाच्या वजनात साधारण ५ ते १५ टक्के उडणारे सुगंधी तेल असते. मिरिस्टिसिन हा या तेलातला एक घटक. एलेमिसिन आणि सॅफ्रोल ही त्याच जातीची इतर रसायने त्याच्या जोडीला असतात. जायफळाचा गंध आणि त्याचा विषारीपणा या दोन्हींमध्ये या रसायनांचा वाटा आहे.

किलोभर श्रीखंडात पाव जायफळ किसून घातले आणि ते दहा जणांनी खाल्ले, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण एक दशांश ग्रॅम पूड येते. एवढ्याशा मिरिस्टिसिनची विल्हेवाट यकृत सहज लावते. यकृतातली विकरे या तेलकट रेणूत बदल करून तो पाण्यात विरघळणारा बनवतात आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. एक अख्खे जायफळ मात्र पाच-सहा ग्रॅमचे असते. पाच ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त पूड एकदम पोटात गेल्यावर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

मिरिस्टिसिन चरबीत विरघळते, त्यामुळे ते मेंदूपर्यंत पोचू शकते. मेंदूतील रासायनिक संदेशवाहकांचा निचरा करणाऱ्या एका विकराला ते काही प्रमाणात अडवते. शरीरात त्याचे ॲम्फेटामिनसारख्या पदार्थात रूपांतर होते, अशीही कल्पना मांडली गेली. पण माणसाच्या बाबतीत ती सिद्ध झालेली नाही. शुद्ध मिरिस्टिसिन ४०० मिलिग्रॅम, म्हणजे काही जायफळांत मिळून असते त्याहूनही जास्त, स्वयंसेवकांना देऊन पाहिले, तेव्हा सर्वांवर सारखा परिणाम झाला नाही. म्हणजे सगळे खापर एकट्या मिरिस्टिसिनवर फोडता येत नाही; इतर घटकांचाही त्यात हात असावा.

लक्षणे लगेच दिसत नाहीत. ती सुरू व्हायला तीन ते सहा तास लागतात. काहीच झाले नाही असे समजून आणखी पूड खाणारे यातच फसतात. आधी मळमळ आणि चक्कर येते, तोंडाला कोरड पडते, चेहरा लाल होतो, छातीत धडधडते. मग अस्वस्थपणा, भीती, बरळणे आणि भास सुरू होतात. चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८२९ मध्ये तीन जायफळे खाऊन पाहिली, तेव्हा स्वप्न कोणते आणि खरे कोणते हे त्यांना कळेनासे झाले होते. हा त्रास दिवसभर, कधी त्याहूनही जास्त टिकतो.

ही लक्षणे धोतऱ्याच्या विषबाधेसारखी दिसतात. मात्र धोतऱ्यात डोळ्यांच्या बाहुल्या हमखास मोठ्या होतात. जायफळात तसे होईलच असे नाही. म्हणून रुग्णाने काय आणि किती खाल्ले हे डॉक्टरांना नेमके सांगावे लागते. या विषावर खास उतारा नाही. सलाइन, नाडी व रक्तदाबावर लक्ष आणि फारच तळमळ असेल तर शांत करणारे औषध, असे उपचार असतात. रुग्ण लवकर पोचला तर विष शोषणारा औषधी कोळसा देतात. मृत्यू क्वचितच होतो. पण लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदयविकार किंवा मनोविकारावर औषधे घेणारे यांना धोका जास्त असतो.