पाइपला घाम फुटतो तेव्हा

जुलैचा दुसरा आठवडा होता. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या तळघरात, छताखालून जाणाऱ्या काळ्या पाइपखाली ओळीने चार बादल्या ठेवल्या होत्या. देखभाल विभागातले काका मला म्हणाले, "साहेब, पाइप गळतोय. प्लंबर दोनदा येऊन गेला, पण त्याला भोक काही सापडत नाही."

वातानुकूलनाच्या कामात पावसाळ्यात अशी तक्रार हमखास येते. गळती आहे की नाही हे ठरवायची एक सोपी रीत आहे. आम्ही रात्री त्या भागाचं थंड पाणी काही तास बंद ठेवलं. पाइप पाण्याने भरलेलाच होता आणि वरच्या मजल्यांवरच्या पाण्याचा दाबही तसाच होता, म्हणजे भोक असतं तर थेंब पडतच राहिले असते. पण आतलं पाणी हळूहळू कोमट झालं आणि पहाटेपर्यंत थेंब थांबले. ते पाणी पाइपातलं नव्हतंच, तळघराच्या हवेतलं होतं. पाइपला घाम फुटला होता.

मोठ्या इमारतींत खोलीखोलीला वेगळा एसी नसतो. चिलर नावाचं यंत्र पाणी साधारण 7 अंशांपर्यंत थंड करतं, ते पाणी पाइपांतून मजल्यामजल्यावर फिरतं आणि खोल्यांची उष्णता घेऊन 12 अंशांच्या आसपास परत येतं. या पाइपांवर नायट्राइल रबरचं काळं, स्पंजासारखं आवरण असतं. त्यालाच सगळे इन्शुलेशन म्हणतात. इथे चार इंची पाइपवर 19 मिलिमीटर जाडीचं इन्शुलेशन होतं. काम जानेवारीत झालं होतं आणि चाचणीच्या वेळी पाइप ठणठणीत कोरडा होता. मग जुलैत काय बिघडलं?

इन्शुलेशनमध्ये काहीच बिघडलं नव्हतं. बदलली होती ती हवा. हवा जितकी दमट, तितक्या कमी थंडाव्याने तिच्यातली वाफ पाणी होऊन बाहेर पडते. ज्या तापमानाला हे सुरू होतं त्याला दवबिंदू म्हणतात. हवा 30 अंशांची आणि आर्द्रता 60 टक्के असेल तर दवबिंदू 21.4 अंशांवर असतो. त्याच 30 अंशांना आर्द्रता 85 टक्के झाली की दवबिंदू 27.2 अंशांवर चढतो. आता इन्शुलेशनच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान 27.2 च्या खाली जराही गेलं, तर त्यावर पाणी धरणारच.

जाडी ठरवण्याचं गणित इथूनच सुरू होतं आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. पाइपापासून हवेपर्यंत उष्णतेच्या वाटेत दोन अडसर असतात. एक इन्शुलेशन, आणि दुसरा इन्शुलेशनला बाहेरून चिकटून असलेला संथ हवेचा पातळ थर. तळघरातल्या शांत हवेत, काळ्या रबरावर, हा हवेचा थर सुमारे 4 मिलिमीटर नायट्राइल रबरइतकाच अडसर करतो. एकूण फरक 30 आणि 7 मधला, म्हणजे 23 अंशांचा. हे 23 अंश दोन अडसरांत त्यांच्या ताकदीच्या प्रमाणात वाटले जातात. पृष्ठभाग 27.2 अंशांवर राहायला हवा असेल, तर हवेच्या थराच्या वाट्याला फक्त 2.8 अंश येऊ शकतात. उरलेले 20.2 अंश इन्शुलेशनने पेलायचे. म्हणजे इन्शुलेशनचा अडसर हवेच्या थराच्या सव्वासात पट हवा. सव्वासात गुणिले 4, म्हणजे 29 मिलिमीटर.

हा आकडा सपाट भिंतीसाठी झाला. पाइप गोल असल्यामुळे थोडी सूट मिळते. इन्शुलेशन चढवलं की बाहेरचा घेर वाढतो, मोठ्या घेराला हवेतून जास्त ऊब मिळते आणि पृष्ठभाग थोडा अधिक उबदार राहतो. चार इंची पाइपला त्यामुळे साडेचोवीस मिलिमीटरच्या आसपास पुरतात. एक इंची पाइपला 20 पुरतील, बारा इंची पाइपला मात्र 27 लागतील. सगळ्या पाइपांना एकच जाडी लावली, तर सर्वांत जाड पाइप आधी टपकू लागतात.

आमच्या पाइपवर 19 मिलिमीटर होते. हिशेब केला तर पृष्ठभाग 26.4 अंशांवर येतो, दवबिंदूच्या जेमतेम 0.8 अंश खाली. एवढ्याशा फरकाने चार बादल्या भरत होत्या. हीच जाडी आर्द्रता 81 टक्के होईपर्यंत पाइप कोरडा ठेवते. जानेवारीतली चाचणी म्हणूनच काही सांगू शकली नाही. 60 टक्के आर्द्रतेला तर सहा-सात मिलिमीटरसुद्धा पुरतात.

खरी मेख पुढे आहे. 30 अंशांच्या हवेत, याच पाइपला, 85 टक्क्यांना साधारण 25 मिलिमीटर लागतात. 90 टक्क्यांना 37 लागतात. 95 टक्क्यांना 69! हवा जसजशी पूर्ण ओली होत जाते तसतसा दवबिंदू हवेच्या तापमानाला भिडत जातो आणि हवेच्या थराच्या वाट्याला अंशभरही उरत नाही. त्यामुळे पाणी किती थंड आहे यापेक्षा हवा किती दमट आहे यावर जाडी कितीतरी जास्त अवलंबून असते. 95 टक्क्यांसाठी इन्शुलेशन जाड करत बसणं परवडणारं नाही. अशा जागी पंखा लावून हवा खेळती ठेवणं किंवा तिथली आर्द्रताच कमी करणं हा खरा उपाय. जाडीने नव्वदीच्या आसपासपर्यंतच झुंजायचं.

मग आपल्या जागेची आर्द्रता किती धरायची? हवामान खात्याचे शहराचे आकडे ही सुरुवात झाली, पण तळघराची हवा शहराच्या हवेसारखी नसते. आम्ही पाइपशेजारी एक साधा आर्द्रतामापक तीन दिवस टांगून ठेवला. आकडा 84 ते 88 टक्क्यांच्या मध्ये फिरत होता आणि पहाटे सर्वांत वर जात होता. थोडी मोकळीक ठेवून आम्ही 90 टक्के धरले. जुन्या 19 मिलिमीटरवर आणखी 19 चा थर चढवला की 38 होतात आणि पृष्ठभाग 28.2 अंशांच्या वर राहतो. 90 टक्क्यांपर्यंत पाइप कोरडा.

दुसरा थर चढवण्याआधी मात्र जुना कापून पाहावा लागतो. सुरीने चीर देऊन तुकडा पिळला आणि पाणी निघालं, तर तो थर गेला असं समजायचं. पाइपलगतच्या थंड हवेत वाफेचा दाब कमी असतो आणि बाहेरच्या दमट हवेत त्याच्या साडेतीन पट. त्यामुळे वाफ सतत आत घुसू पाहते. एखादा सांधा उघडा राहिला की ती आत शिरून पाइपवर पाणी होते. पाणी नायट्राइल रबरच्या सुमारे सोळा पट सहज उष्णता वाहून नेतं. ओलं इन्शुलेशन कितीही जाड असलं तरी ते इन्शुलेशन राहत नाही, आणि आतला लोखंडी पाइप मात्र गुपचूप गंजत राहतो. आम्हाला सात-आठ ठिकाणी ओल सापडली आणि ती सगळी एकतर क्लॅम्पपाशी होती किंवा व्हॉल्व्हपाशी. क्लॅम्प आवळताना रबर दबून निम्मं झालं होतं. तिथे पाइपभोवती घट्ट ठोकळे बसवून क्लॅम्प त्या ठोकळ्यांवर आवळला. ओले तुकडे काढून टाकले. पाइप उबदार आणि कोरडा असतानाच, रात्री टप्प्याटप्प्याने पाणी बंद ठेवून, नवीन थर चिकटवला. वरच्या थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येणार नाहीत हेही पाहिलं.

काम संपत आलं तेव्हा व्यवस्थापनाने सुचवलं, की सगळ्यावर चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा चढवू, तळघर नीटनेटकं दिसेल. इथे पुष्कळ जण फसतात. काळा पृष्ठभाग आजूबाजूच्या भिंतींकडून येणारी उष्णता शोषून घेतो आणि त्यामुळे उबदार राहतो. चकचकीत पत्रा ती उष्णता परत फेकतो. त्यामुळे बाहेरचा अडसर 4 वरून साडेसहा मिलिमीटरच्या घरात जातो, म्हणजे पृष्ठभाग आणखी थंड राहतो. तेच 38 मिलिमीटर पत्र्याखाली फक्त 85 टक्क्यांपर्यंत टिकले असते आणि आमची पाच टक्क्यांची कमाई वाया गेली असती. धक्के लागण्यासारख्या जागी पत्रा हवाच असेल तर तो रंगवलेला घ्यावा. तापमान तपासताना तर आणखी एक फसगत होते: चकचकीत पत्र्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर चुकीचा आकडा दाखवतो. तिथे काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजायचं.

आता राहिला विजेचा प्रश्न. पाइप उघडा असता तर मीटरमागे सुमारे 74 वॉट उष्णता पाण्यात शिरली असती, दव धरल्याने पडणारी भर वेगळीच. 19 मिलिमीटरने ती 15 वॉटवर आली होती आणि 38 मिलिमीटरने साडेनऊवर आली. असा 200 मीटर पाइप धरला तर 3 किलोवॉटवरून 1.9 किलोवॉट. हा पाइप सुमारे 250 किलोवॉटचा थंडावा वाहून नेतो, म्हणजे तोटा सव्वा टक्क्यावरून पाऊण टक्क्यावर आला. फायदा आहे, पण पहिल्या थराने जे कमावलं त्याच्या तुलनेत दुसऱ्याची कमाई थोडी. समुद्रकिनारी जाडी घाम ठरवतो, वीजबचत तिच्यामागून येते.

नागपूरला मे महिन्यात गोष्ट उलटी होते. 43 अंश आणि 20 टक्के आर्द्रतेला दवबिंदू 15 अंशांवर असतो. तिथे घाम टाळायला मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुरतील, पण उघड्या पाइपात मीटरमागे 116 वॉट शिरतील. म्हणून उन्हाळ्यात तिथे जाडी ठरते ती उष्णता अडवण्यासाठी, आणि पावसाळ्यासाठी घामाचा हिशेब वेगळा करावा लागतो. दोन्ही आकडे काढायचे आणि मोठा घ्यायचा. अमेरिकेतल्या ॲश्रे संस्थेच्या 90.1 या मानकातले जाडीचे तक्ते फक्त ऊर्जेच्या दृष्टीने काढलेले आहेत, आणि घाम टाळायला जास्त जाडी लागू शकते, हे त्या तक्त्यांखालीच नमूद केलेलं आहे. तरीही तक्त्यातला आकडा तसाच उचलून निविदेत उतरवला जातो.

त्या रुग्णालयाच्या आधीच्या निविदेतही एवढंच लिहिलं होतं: इन्शुलेशन 19 मिलिमीटर. ठेकेदाराने अचूक 19 बसवले, त्याची चूक नव्हती. आम्ही नव्या नकाशावर जाडीच्या शेजारी आणखी एक ओळ लिहिली: पाणी 7 अंश, हवा 30 अंश, आर्द्रता 90 टक्के, काळा पृष्ठभाग, पत्रा नाही. पुढच्या वेळी कोणी पाइप बदलेल, पंखा बंद करेल किंवा पत्रा चढवायला निघेल, तेव्हा 38 हा आकडा कशाच्या भरवशावर उभा आहे हे त्याला त्या ओळीवरून कळेल.