तमिळ निरोपाचे भाषण

तमिळनाडूत सरकारी कर्मचारी वयाची 60 वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे कचेऱ्यांतले निरोप समारंभ बहुधा महिनाअखेरीलाच होतात. अशा समारंभाला ‘पणि निऱैवु पाराट्टु विऴा’, म्हणजे सेवापूर्तीचा गौरव सोहळा म्हणतात. स्वागत झाले की अध्यक्ष बोलतात, मग सहकाऱ्यांची गौरवपर भाषणे होतात. सत्कारमूर्तीला ‘पोन्नाडै’ ही शाल पांघरली जाते, त्यांचे उत्तराचे भाषण होते आणि आभारांनी समारंभ संपतो.

सहकाऱ्याचे भाषण संबोधनाने सुरू होते. अध्यक्ष, वरिष्ठ अधिकारी, सत्कारमूर्ती आणि त्यांचे कुटुंबीय अशा क्रमाने प्रत्येकाचा उल्लेख ‘अवर्गळे’ हा आदरार्थी शब्द जोडून केला जातो. कोणी राहिले तर ते लगेच लक्षात येते.

पुढची सगळी गंमत भाषेच्या दोन थरांवर चालते. लिहिण्याची, व्यासपीठावरची तमिळ आणि घरातली बोलीतली तमिळ यांत मोठे अंतर आहे. कौतुक पहिल्या थरात होते आणि विनोद दुसऱ्यात. समजा, मदुराईच्या एका कचेरीतले हेडक्लार्क निवृत्त होत आहेत. वक्ता गंभीरपणे म्हणतो, ‘अवर् नेरम् तवऱादवर्’, म्हणजे ते कधी वेळ चुकवत नाहीत. क्षणभर थांबून तो बोलीत उतरतो: ‘आना टी टाइम्ल मट्टुम् पत्तु निमिषम् मुन्नाडिये किळंबिडुवारु’. चहाच्या वेळी मात्र ते दहा मिनिटे आधीच निघतात! भारदस्त वाक्यामागून घरगुती वाक्य आल्यामुळे हशा पिकतो. तरी क्रियापदाच्या शेवटचा ‘आरु’ हा आदरार्थी प्रत्यय थट्टेतही सुटत नाही. त्या जागी एकेरी ‘आन्’ आला तर तोच विनोद अपमान ठरतो.

साठीचाही विनोदाला उपयोग होतो. साठ वर्षे पूर्ण झाल्यावर अनेक कुटुंबांत पती-पत्नीचे पुन्हा लग्न लावतात. म्हणून “साहेबांना कचेरीतून सुट्टी मिळाली, पण लगेच बोहल्यावर उभे राहायचे आहे” असे म्हणता येते. पत्नी व्यासपीठावर असेल तर हे अधिकच रंगते. हुकलेली बढती, आजारपण, पेन्शनची रक्कम हे विषय मात्र टाळलेले बरे.

भाषण फसते ते बहुधा दोन कारणांनी. सगळेच ग्रांथिक भाषेत बोलले तर ते राजकीय सभेसारखे वाटते, सगळेच बोलीत बोलले तर समारंभाची शान जाते.

समारोपात दीर्घायुष्य चिंतले जाते. वक्ता वयाने लहान असेल, तर आशीर्वाद देण्याइतके आपले वय नाही, म्हणून वंदन करतो, या अर्थाचे ‘वाऴ्त्त वयदिल्लै, वणंगुगिऱेन्’ हे ठरलेले वाक्य म्हणतो आणि ‘नन्ऱि, वणक्कम्’ म्हणून भाषण संपवतो.